सात पडले की सगळ्यांनी मोजा

घरी बोर्डगेम खेळायला जमणाऱ्या गटात ही वेळ कधी ना कधी येतेच. कुणीतरी बँकेतून एक कार्ड जास्त उचललेलं दोघांनी पाहिलेलं असतं. बोलावं तर तो माणूस दुखावणार. गप्प बसावं, तर उरलेला डाव मनात खुन्नस ठेवून खेळला जाणार. बहुतेक जण गप्प बसतात, आणि पुढच्या शनिवारी 'या आठवड्यात जरा जमत नाहीये' असा निरोप धाडतात. गट असेच विरघळतात.

माझं सांगणं एवढंच आहे, की चोर पकडायच्या मागे लागू नका. आधी टेबलाची शिस्त अशी लावा, की अंचई करायला फारशी जागाच उरणार नाही. तरीही काही घडलं, तर ते तिथल्या तिथे, पटाबद्दल बोलून दुरुस्त करा. आणि माणसाशी बोलायची वेळ आलीच, तर ते बोलणं टेबलापासून लांब, एकट्यात होऊ द्या. हे कसं करायचं ते 'कॅटान' या खेळावरून सांगतो. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने बनवलेला हा खेळ 1995 साली बाजारात आला आणि आता आपल्याकडेही अनेक घरांत पोचला आहे. शिवाय चुकायच्या आणि लबाडीच्या जवळजवळ सगळ्या जागा त्यात आहेत: फासे, हातात लपवलेली कार्डं, सगळ्यांना हात घालता येईल अशी बँक आणि भरपूर घासाघीस.

ज्यांनी तो खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट षटकोनी तुकड्यांचा असतो आणि वाळवंट सोडून प्रत्येक जमिनीच्या तुकड्यावर एक आकडा असतो. दोन फाशांची बेरीज जो आकडा दाखवेल, त्या तुकड्याला लागून ज्यांच्या वस्त्या आहेत त्यांना तिथला माल मिळतो: लाकूड, वीट, लोकर, गहू किंवा ओअर, म्हणजे खनिज. मालाची ही कार्डं प्रत्येकाने हातात लपवून धरायची. ती बँकेला भरून रस्ते, वस्त्या आणि शहरं बांधायची. दहा गुण आधी करेल तो जिंकला. खेळताना मात्र सगळे 'दोन शीप देतो, एक ब्रिक दे' असंच बोलतात.

लबाडीकडे वळण्याआधी न वाचलेल्या नियमांचा निकाल लावायला हवा, कारण निम्मी भांडणं तिथूनच निघतात. 'मोनोपॉली'चं उदाहरण घ्या. एखाद्या जागेवर आलेल्या खेळाडूने ती विकत घेतली नाही, तर बँकेने तिचा लिलाव करायचा, असं नियमपुस्तक सांगतं. बहुतेक घरांत हा लिलाव कधी होतच नाही. उलट दंडाचे पैसे पटाच्या मध्ये जमवायचे आणि 'फ्री पार्किंग'वर येईल त्याने ते उचलायचे, ही पद्धत पुष्कळ घरांत आहे. पुस्तकात ती नाही. आता अशा दोन घरांतली माणसं एका टेबलाला बसली, की प्रत्येकाला समोरचा रडीचा डाव खेळतोय असं वाटतं, आणि खोटं तर कुणीच बोलत नसतं. म्हणून डबा उघडल्यावर, पट मांडण्याआधी पाच मिनिटं काढा. 'आपण इथे कसं खेळतो' ते मोठ्याने सांगा. पुस्तकाबाहेरचे घरचे नियम असतील तर तेही सांगा, आणि नियमपुस्तक टेबलाच्या कडेला उघडं ठेवा. पुस्तक हाताशी असलं की निवाडा पुस्तक करतं, यजमानाला न्यायाधीश व्हावं लागत नाही.

कॅटानमध्ये सुरुवातीलाच सांगून टाकावी अशी एक गोष्ट आहे, कारण तिथे माणसं हमखास सैल सोडतात. सौदा फक्त ज्याचा डाव चालू आहे त्याच्याशीच करता येतो, आणि दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावंच लागतं. फुकट कार्ड देणं नियमात बसत नाही. एक लोकर घेऊन दोन लोकरी देणं, म्हणजे त्याच मालाच्या बदल्यात तोच माल, हेही चालत नाही. नवऱ्याने बायकोला हळूच एक गहू सरकवायचा, आजीने नातवाला वीट 'अशीच' द्यायची, ही आपल्या घरांतली लाडकी अंचई आहे. तिला कुणी अंचई म्हणत नाही, कारण ती प्रेमाने केलेली असते. पण उरलेल्या दोघांचा डाव त्या प्रेमापायी बुडतो. हा नियम आधीच वाचून दाखवला, तर तो कुणा एका जोडप्याला उद्देशून ठरत नाही. खेळाच्या मध्यात काढला, तर ठरतो.

लहान मुलाला सवलत द्यायचीच असेल, तर उघड द्या. आपल्याकडे लिंबूटिंबूची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. 'हा लिंबूटिंबू आहे, याला सात पडल्यावर कार्डं टाकावी लागणार नाहीत' असं आधी जाहीर केलं, तर कुणाचीच तक्रार नसते. तीच सवलत आजीने टेबलाखालून दिली, तर पोर भलतंच शिकतं आणि मोठ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

आता टेबलाची शिस्त. पहिली गोष्ट फाशांची. फासे ताटात किंवा डब्याच्या झाकणात टाका, खाली एक रुमाल पसरा. बाहेर पडला किंवा कडेला तिरका टेकला, तर दोन्ही फासे पुन्हा टाकायचे, मग दान कुणाच्याही फायद्याचं असो. हे आधी ठरलेलं नसलं, की तिरका फासा आवडीचा आकडा दाखवत असेल तर 'चालतं' आणि नसेल तर 'परत टाक' असं होतं. दुसरं म्हणजे, दान पडल्यावर सगळ्यांना माल मिळेपर्यंत फासे उचलायचे नाहीत. घाईघाईने फासे उचलणारा लबाडच असतो असं नाही, पण पडलेलं दान सगळ्यांनी पाहिलेलं असलं, की वादाला कारण उरत नाही. तिसरं म्हणजे, डाव संपला की फासे पुढच्याच्या हातात द्यायचे. फासे हाती दिले, म्हणजे माझा डाव संपला.

या शेवटच्या सवयीने 'अरे थांब, मला ते नव्हतं करायचं' हा रोजचा वादही मिटतो. फासे हातात असेपर्यंत चाल मागे घ्यायला मुभा द्या, पण एका अटीवर: मध्ये नवं काही कळलेलं नसावं. रस्ता ठेवला आणि लगेच दुसरीकडे हलवला, तर हरकत नाही. पण डेव्हलपमेंट कार्ड विकत घेतलं, उलटून पाहिलं, आवडलं नाही, आणि आता 'मला त्याऐवजी रस्ता बांधायचाय' असं म्हटलं, तर नाही. एवढी एक कसोटी बहुतेक प्रसंगांना पुरते, आणि ती यजमानालाही तितकीच लागू असते.

दुसरी गोष्ट बँकेची. प्रत्येकाने आपापला माल उचलायचा, ही सर्वांत धोक्याची पद्धत. चार हात एकदम बँकेवर पडले, की कुणी काय घेतलं ते कुणालाच कळत नाही. एकालाच बँक सांभाळू द्या आणि त्याने बोलत वाटप करावं: 'आठ पडले. काकांची वस्ती, एक गहू. वहिनींचं शहर, दोन गहू. खालच्या आठावर रॉबर बसलाय, तिथलं कुणाला काही नाही.' शहराला दोन आणि वस्तीला एक हा हिशोब अशा बोलण्यात आपोआप तपासला जातो. रॉबर म्हणजे दरोडेखोराची सोंगटी; ती ज्या तुकड्यावर असेल तिथे उत्पन्न नाही, ही गोष्ट मुद्दाम विसरणाऱ्यांपेक्षा खरोखर विसरणारेच जास्त असतात. बँकरही खेळत असेल, तर त्याने आपली कार्डं हातातच धरावीत, बँकेच्या ट्रेशेजारी ठेवू नयेत. 'व्यापार' खेळताना ज्याच्याकडे बँक तोच श्रीमंत, हा अनुभव बहुतेकांना लहानपणीच आलेला असतो.

तिसरी गोष्ट डेव्हलपमेंट कार्डांची. ही एकूण 25 असतात. विकत घेतलेलं कार्ड त्याच डावात खेळता येत नाही. अपवाद फक्त गुणाच्या कार्डाचा, तेही त्याने दहा गुण पूर्ण होत असतील तर. गडबडीत हा नियम नेहमी मोडला जातो, कारण नवं कार्ड कुठलं आणि जुनं कुठलं हे घेणाऱ्यालाही आठवत नाही. उपाय सोपा आहे. नवं कार्ड आपल्यासमोर आडवं आणि पालथं ठेवायचं. फासे पुढे देताना ते उभं करायचं. आडवं कार्ड खेळायचं नाही. विचारपूस नाही, संशय नाही, नुसतं पाहिलं तरी कळतं.

आता एक प्रसंग नीट पाहू. शनिवारची रात्र आहे. यजमान नवरा-बायको, शेजारचे काका आणि कॉलेजातला भाचा असे चौघं बसलेत. भाच्याने फासे टाकले, सात पडले. सातवर कुणाला माल मिळत नाही; ज्याच्या हातात सातापेक्षा जास्त कार्डं असतील त्याने निम्मी बँकेत टाकायची, आणि निम्मं करताना अर्धं सोडून द्यायचं. आठ असतील तर चार जातात, नऊ असतील तरी चारच. त्यानंतर फासे टाकणारा रॉबर हलवतो आणि नव्या जागेवर वस्ती असलेल्या एकाच्या हातून न बघता एक कार्ड ओढतो. सात हे दोन फाशांवरचं सगळ्यांत जास्त येणारं दान. सरासरीने सहा दानांत एकदा पडतं. म्हणजे ही वेळ एका खेळात कितीतरी वेळा येणार.

काकांच्या हातात नऊ कार्डं आहेत. हात टेबलाच्या कडेखाली आहे. ते म्हणतात, 'माझी सातच.' या एका वाक्याने त्यांची चार कार्डं वाचतात. एक लाकूड, एक वीट, एक लोकर, एक गहू, म्हणजे चार कार्डांत एक वस्ती होते, आणि वस्ती म्हणजे दहातला एक गुण. थोडक्यात, हा मोह फुटकळ नाही. भाच्याला वाटतंय की काकांकडे जास्त आहेत. मागच्याच डावात त्यांना तीन गहू मिळालेले त्याने पाहिलेत.

इथे भाचा 'काका, दाखवा बरं' म्हणाला, की संध्याकाळ संपली. कार्डं सात निघाली तर भाचा तोंडघशी पडणार, नऊ निघाली तर काका. दोन्हींत यजमानांची पंचाईत. आणि सगळ्यांनी नुसतं सोडून दिलं, तर काकांना कळतं की हे चालतं.

म्हणून हे पहिल्या साताच्या आधीच ठरलेलं असावं: सात पडले की फासे टाकणाऱ्याने 'मोजा' म्हणायचं, आणि सगळ्यांनी, फासे टाकणाऱ्यानेसुद्धा, आपली कार्डं पालथी टेबलावर पसरून मोठ्याने मोजायची. कुठली आहेत ते दिसत नाही, किती आहेत तेवढं दिसतं. ज्याच्याकडे तीनच आहेत तोही मोजतो. ही मोजणी होईपर्यंत रॉबर हलवायचा नाही. चौघांनी मोजलं की काकांना वेगळं कुणी विचारलेलं नसतं, आणि नऊ कार्डं पसरल्यावर 'सात' म्हणायची सोयही उरत नाही. त्यांची मघाशी खरोखरच मोजणी चुकली असेल, तर तीही हसतखेळत सुधारते. सुरुवातीला हे विसरलं असेल, तरी पुढच्या साताला सुरू करता येतं, फक्त सुचवणाऱ्याने ते आपल्यावर घ्यावं: 'मला सारखं चुकायला होतंय, आता सगळेच खाली ठेवून मोजू.'

याच कारणाने हातातली कार्डं टेबलाच्या वर राहतील असाही संकेत ठेवा, आणि 'किती आहेत?' असं विचारलं तर खरा आकडा सांगायचा, हाही घरचा नियम करून टाका.

एवढं करूनही चुका होणारच. चूक दिसली की लगेच बोला, एका वाक्यात, आणि वाक्याचा कर्ता माणूस होऊ देऊ नका. 'तू दोन घेतलेस' असं म्हणू नका. 'तिथे अजून वस्तीच आहे ना, शहर नाही. मग एकच' असं म्हणा. 'तुझी वस्ती चुकीची' म्हणू नका. 'या दोन वस्त्यांमध्ये एकच रस्ता राहतोय, दोन हवेत' असं म्हणा. बोटही पटाकडे दाखवायचं, माणसाकडे नाही. समोरच्याने कार्ड परत ठेवलं, की विषय तिथेच सोडा. 'बघा, मी म्हटलं होतं ना' हे एक वाक्य टाळलं, तरी बरंच काही वाचतं. 'चीटर, चीटर' ही आरोळी शाळेपासूनच्या मित्रांत खपते. नव्या जावयासमोर किंवा पहिल्यांदा आलेल्या सहकाऱ्यासमोर ती चेष्टा राहत नाही.

किती मागे जायचं, हाही वादाचा मुद्दा होतो. त्याच डावात लक्षात आलं तर पूर्ण दुरुस्त करा. फासे पुढे गेले असतील तर पट आहे तसा ठेवा; जास्तीचं कार्ड अजून हातात असेल तर परत करायला सांगा आणि इथून पुढे नीट खेळा. तीन डाव मागे जाऊन रस्ते उपटायला लागलात, तर न्यायही मिळत नाही आणि खेळही मोडतो.

आता अवघड प्रश्न. ही चूक आहे की लबाडी, हे ओळखायचं कसं? लोक म्हणतात, चुका दोन्ही बाजूंनी होतात, लबाडी फक्त स्वतःच्या फायद्याची असते. हे अर्धंच खरं आहे. आपल्याला एक कार्ड कमी मिळालं की प्रत्येकाच्या ते चटकन लक्षात येतं. एक जास्त आलं तर येत नाही. त्यामुळे प्रामाणिक माणसाच्या राहून गेलेल्या चुकाही त्याच्याच फायद्याच्या दिसतात. म्हणून एका संध्याकाळवरून निकाल देऊ नका. शिस्त लावल्यानंतर काय होतं ते पाहा. वेंधळा माणूस शिस्त आली की सुधारतो, उलट त्याला हायसंच वाटतं. जाणूनबुजून करणारा शिस्त पोचत नाही तिथे सरकतो. मोजणी सुरू झाली की सातवरचा घोळ थांबतो, आणि मोनोपॉली कार्डावर मात्र त्याच्याकडे कधीच काही निघत नाही. हे डेव्हलपमेंट कार्डांपैकीच एक. ते खेळणारा एका मालाचं नाव घेतो आणि सगळ्यांनी आपल्याकडचा तो सगळा माल त्याला द्यायचा असतो. 'माझ्याकडे गहू नाही' हे हातात डोकावल्याशिवाय तपासता येत नाही. इथे शिस्तीची हद्द संपते आणि निव्वळ विश्वास उरतो.

असं दोन-तीन बैठकांत दिसलं, तर बोला. टेबलावर नाही, खेळ संपल्यावर चहाच्या वेळीही नाही. दुसऱ्या दिवशी, त्या माणसाच्या सगळ्यांत जवळच्या एकाने, एकट्यात बोलावं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'काही जण' असा मोघम मेसेज तर अजिबात टाकू नये. तो कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळतं. आधी बाकीच्यांनी जमून खल करणंही बरं नाही. बोलताना एकच ताजं उदाहरण द्या, जुनी यादी वाचू नका, आणि त्या माणसाला मान राखून मागे फिरायला वाट ठेवा. 'काका, काल मोनोपॉली कार्डाला तुम्ही गहू नाही म्हणालात आणि लगेच पुढच्या डावात दोन गहू घालून शहर केलंत. मध्ये तुम्हाला गहू मिळालेला मला तरी आठवत नाही. नजरचुकीने झालं असेल, पण बाकीच्यांच्याही ते लक्षात आलंय. पुढच्या वेळी जरा बघाल का?' एवढं पुरे. कबुली मागू नका. पुढच्या शनिवारी काका नीट खेळले, तर तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं.

त्याची परतफेड म्हणून तुम्हीही एखादं कार्ड लपवणं, किंवा सगळ्यांनी मिळून दर वेळी रॉबर त्याच्याच गव्हावर बसवणं, हे करू नका. दुसरी गोष्ट नियमात बसते, पण कारण न सांगता दिलेली शिक्षा ती. समोरच्याला कळतं की आपल्याला कोपऱ्यात घेतलंय, आणि बोलायची वाट बंद होते.

बोलूनही फरक पडला नाही, तर त्या माणसाआधी खेळ बदला. 'अझूल'मध्ये रंगीत फरशा सगळ्यांसमोर उघड्या असतात. हातात लपवण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे कुणावर नजर ठेवावी लागत नाही. अनेकदा असं दिसतं, की लपवाछपवीच्या खेळात हात वळवळणारा माणूस उघड्या खेळात छान रमतो. आणि उघड्या खेळातही कुरबुर चालूच राहिली, तर त्याला जेवायला बोलवा, गप्पांना बोलवा, खेळाच्या रात्री मात्र बोलावू नका. नातं आणि खेळाची रात्र या दोन वेगळ्या गोष्टी ठेवता येतात.

एक शेवटचं. दहा गुण झाले असं कुणी म्हणालं, की शेजारच्याने ते पटावर बोट ठेवून मोठ्याने मोजावेत: वस्तीचा एक, शहराचे दोन, सर्वांत लांब रस्त्याचे दोन, मोठ्या सैन्याचे दोन, आणि हातातली गुणांची कार्डं उलटून. जिंकणं आपल्याच डावात जाहीर करायचं असतं, तेही तपासा. ही मोजणी दर वेळी, प्रत्येक विजेत्याची करा, यजमान जिंकला तरी. बेरीज दहा आली, की अभिनंदन करताना कुणाच्या मनात किंतू राहत नाही. आठ आली, तर फासे पुढच्याच्या हातात द्या आणि खेळ चालू ठेवा.